सातवी मुलाखत: एक प्रतिक्रिया

'सातवी मुलाखत' या कथेत मुलाखत घेणाऱ्या बाईंसमोर एक बावरलेली मुलगी येते. कथा वाचून प्रश्न पडतो: "शेवटी बाईंनी त्या मुलीला घ्यायला हवं होतं का?"

मी बारा वर्षं मुलाखती घेतेय. माझ्या मते बाईंनी त्या खुर्चीत बसून ते ठरवायलाच नको होतं. मुलीने फाईलची कड नखाने खरवडली, बाईंना स्वतःची पहिली मुलाखत आठवली आणि तिथेच त्यांचं ऐकणं संपलं. पुढची उत्तरं बाईच मनातल्या मनात पूर्ण करत गेल्या. कथेत हे फार नेमकं उतरलंय. आपल्यासारखं माणूस आपल्याला जास्त हुशार वाटतं, आणि दमलेलो असलो की हटकून.

माझ्यासमोरही अशीच एक मुलगी बसली होती. तोंडून शब्द फुटेना. मी पाणी दिलं, प्रश्नांचा कागद तिच्यापुढे सरकवला, दोन मिनिटं वाचू दिलं. मग सगळ्यांना विचारलेलाच प्रश्न विचारला: बिघडलेलं काम कसं निस्तरलंत? ती सावरली, क्रमाने सांगू लागली. प्रत्येक उत्तराचे गुण मी तिथल्या तिथे लिहिले. शेवटी लिहिले असते तर मायेपोटी वाढले असते. पाचपैकी तीन पडले, दुसऱ्या उमेदवाराला चार. त्यालाच घेतलं. तिला फोन मात्र मीच केला.