काचेच्या भांड्याला तापमान वाढवायचं नसतं

“काच जाड असते आणि उशिरा तापते, म्हणून काचेच्या भांड्यात केक करताना तापमान २० डिग्री वाढवा, वेळ तीच ठेवा. काळा नॉनस्टिक टिन आणि साधा ॲल्युमिनियमचा टिन सारखेच, काही बदल नको. ओव्हनची काच कशानेही फुटत नाही, रात्री मिश्रण भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी थेट गरम ओव्हनमध्ये सरकवा. काचेतून केक दिसतो, सुई खुपसून बघायची गरज नाही.”

हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिचा रवा केक ८ इंची चौकोनी ॲल्युमिनियमच्या टिनमध्ये १८० डिग्रीला ३५ मिनिटांत होतो, वर्षानुवर्षं होतोय. या वेळी तिनं तो तेवढ्याच मापाच्या काचेच्या भांड्यात २०० वर लावला. कडा गडद तपकिरी होऊन कडक झाल्या, मध्यभाग फुगून फाटला आणि आत मिश्रण तसंच ओलं. तिनं मला फोन करून विचारलं, “ओव्हन बिघडला का रे?” ओव्हन उत्तम आहे. बिघडलेला तो सल्ला आहे, आणि तो इतक्या खात्रीनं लिहिलाय की चूक आपलीच असं वाचणाऱ्याला वाटतं. म्हणून हे लिहितोय.

काच उशिरा तापते हे खरं आहे, तेवढं मान्य करतो. ॲल्युमिनियममधून उष्णता झरकन पसरते, काचेतून फार सावकाश. पण गोष्ट तिथे संपत नाही. ओव्हनमध्ये भांड्याला उष्णता फक्त गरम हवेतून मिळत नाही, तापलेल्या सळया आणि भिंती यांच्याकडून किरणांच्या रूपानंही मिळते. चकचकीत ॲल्युमिनियम त्यातली बरीचशी परतवून लावतं. काच परतवत नाही. दिसायला पारदर्शक असली तरी भिंतींकडून येणारी ही उष्णता ती बहुतांशी स्वतःत शोषून घेते. म्हणजे सुरुवातीची काही मिनिटं काच मागे राहते, पण एकदा तापली की तापलेलीच राहते आणि तिला चिकटलेल्या कडांना सारखी भाजत राहते. केकचा मध्य मात्र भांड्याच्या घाईनं शिजत नाही. मिश्रणातून उष्णता आत पोचायला जो वेळ लागतो तो लागतोच. २० डिग्री वाढवल्यावर त्याचा फटका आधी कडांना बसतो. मावशीच्या केकचं नेमकं तेच झालं.

मग करायचं काय? तापमान साधारण १५ डिग्री कमी करायचं आणि वेळ थोडा वाढवायचा. मावशीच्या केकपुरतं सांगायचं तर १६५ डिग्री, ३५ मिनिटांनी पहिल्यांदा सुई घालून बघायचं आणि ४० ते ४५ मिनिटांची तयारी ठेवायची. कडा भांड्यापासून किंचित सुटल्या, मध्यभाग बोटानं दाबल्यावर परत वर आला आणि सुईला ओलं मिश्रण न लागता एखाददुसरा मऊ कण लागला, की बाहेर काढायचं. सुई अगदी कोरडी निघेपर्यंत थांबू नका. बाहेर आल्यावरही काच बराच वेळ गरम राहते आणि केक आतल्या आत आणखी शिजतो. दहा मिनिटांनी भांड्यातून काढून जाळीवर ठेवला तर कडा कोरड्या पडत नाहीत.

इथे आणखी एक घोटाळा होतो. अमेरिकन पाककृतींत “२५ डिग्री कमी करा” असं असतं, ते फॅरनहाइट. आपल्या मापात ते १४ च्या आसपास येतं. सेल्सिअसमध्ये २५ कमी केलंत तर केक फिका आणि दडस होईल. काचेबाबत सगळे एका सुरात बोलतात असंही नाही. तिकडच्या काही केक मिक्सच्या खोक्यांवर काचेला चकचकीत धातूइतकंच, ३५० फॅरनहाइट, तापमान दिलेलं असतं. पण वाढवा असं त्यांतही नाही. आणि भरपूर सॉस असलेली बेक डिश किंवा ब्रेड पुडिंग असेल, तर काचेत १८० ठेवलं तरी बहुधा बिघडत नाही, कारण कडा ओल्या राहतात.

काळ्या टिनबद्दल फार बोलायला नको, त्याच खोक्यांवर उत्तर छापलेलं असतं: गडद किंवा नॉनस्टिक टिनला ३२५ फॅरनहाइट, म्हणजे १६५ च्या आसपास. धातू तोच असला तरी काळा पृष्ठभाग किरणांची उष्णता पटकन घेतो आणि धातू ती लगेच केकला देतो. काचेसारखी इथे सुरुवातीची दिरंगाई नाही, म्हणून हा केक तापमान कमी करूनही फारसा उशिरा होत नाही. मी ३० व्या मिनिटापासूनच बघायला सांगेन.

आता तिसरा मुद्दा. पहिल्या सल्ल्यानं केक वाया गेला, या सल्ल्यानं कुणाचा तरी हात कापेल. ओव्हनमध्ये चालणारी काच म्हणजे वाट्टेल ते सोसणारी काच नव्हे. पायरेक्सचंच बघा. १९१५ साली कॉर्निंगनं ही भांडी बाजारात आणली तेव्हा ती बोरोसिलिकेट काचेची होती. पुढे अमेरिकेत ती सोडा-लाइमच्या कडक केलेल्या काचेची होऊ लागली. सोडा-लाइम काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते, म्हणून एकदम गरम-थंड झालेलं तिला कमी सोसतं. पायरेक्सच्या सूचना स्पष्ट आहेत: तापमानात अचानक बदल नको, ओव्हन पूर्ण तापल्यावरच भांडं आत ठेवा, ग्रिलखाली किंवा टोस्टर ओव्हनमध्ये वापरू नका, गरम भांडं ओल्या किंवा गार जागी ठेवू नका.

ओव्हन तापत असताना सळया लालबुंद असतात आणि काचेचा एखादाच भाग भाजून निघतो, म्हणून आधी तापवायचं. आपल्या ओटीजीत तर सळया भांड्याच्या अगदी जवळ येतात. तुमच्या भांड्यावर बोरोसिलिकेट लिहिलेलं असेल आणि कंपनी ओटीजीला परवानगी देत असेल तर मधल्या खणात वापरा. नसेल तर ओटीजीत केकसाठी साधा ॲल्युमिनियमचा टिनच घ्या. टवका उडालेलं किंवा चरे पडलेलं भांडं, कुठल्याही काचेचं असो, ओव्हनमध्ये घालू नका. बाहेर काढलेलं भांडं ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवू नका, कोरड्या जाड फडक्यावर ठेवा. फ्रीजमधलं भांडं आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

शिवाय रवा केकचं मिश्रण रात्रभर ठेवायचंच नसतं. दही आणि खायचा सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटायला लागतो, सकाळपर्यंत तो निघून जातो. रवा भिजवायचा असेल तर दह्यात खुशाल भिजवा, सोडा भांडं ओव्हनमध्ये जायच्या आधी घाला.

काचेतून केक दिसतो खरा, आणि पायचा तळ खरपूस झालाय का ते बघायला त्याचा उपयोगही होतो. पण दिसते ती बाहेरची बाजू. मावशीच्या केकची ती बाजू छान तपकिरी दिसत होती, आत मध्यभागी कच्चं होतं. सुई मध्यभागीच घालायची.