समीकरणातल्या आकड्यांना ऑर्डर समजू नका

«पीयूसीवाल्यांनो, ऑर्डर काढायला टेबल बघत बसू नका. बॅलन्स केलेल्या समीकरणातले आकडे म्हणजेच ऑर्डर. k साठी पहिली ओळ घ्या आणि भागा. दोन्ही कॉन्सन्ट्रेशन एकदम बदलली असली तर प्रश्नच चुकलाय, सोडून द्या.»

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज परीक्षेच्या तोंडावर फिरतो आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत आलेली मुलं अशा सोप्या वाटेला पटकन लागतात. मी शिकवणी घेतो. गेल्या आठवड्यात खानापूरहून बसने येणाऱ्या एका मुलीची वही पाहिली. तिने हेच केलं होतं आणि गुण गेले होते. तिचंच गणित घेऊ.

नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन यांची 1280 °C ला होणारी अभिक्रिया: 2NO + 2H₂ → N₂ + 2H₂O

| प्रयोग | [NO], M | [H₂], M | सुरुवातीचा वेग, M/s |
|---|---|---|---|
| 1 | 5.0×10⁻³ | 2.0×10⁻³ | 1.3×10⁻⁵ |
| 2 | 10.0×10⁻³ | 2.0×10⁻³ | 5.0×10⁻⁵ |
| 3 | 10.0×10⁻³ | 4.0×10⁻³ | 10.0×10⁻⁵ |

पहिला मुद्दा ऑर्डरचा, म्हणजे अभिक्रियेचा वेग एखाद्या पदार्थाच्या कॉन्सन्ट्रेशनच्या कितव्या घाताने बदलतो त्याचा. समीकरण पाहून तिने दोन्हींची ऑर्डर 2 लिहिली. आता प्रयोग 2 आणि 3 शेजारी ठेवा. NO तेवढाच आहे, H₂ दुप्पट केला आणि वेगही दुप्पटच झाला. H₂ ची ऑर्डर 2 असती तर वेग चौपट, म्हणजे 20×10⁻⁵ दिसला असता. तो 10×10⁻⁵ आहे, म्हणून H₂ ची ऑर्डर 1. प्रयोग 1 आणि 2 मध्ये H₂ तोच आहे, NO दुप्पट आहे आणि वेग 5.0/1.3, म्हणजे 3.85 पट झाला. इथे ती अडली होती. «चार नाही आलं ओ सर, मग दोन कसं?» 3.85 चा लॉग 0.585, त्याला 2 च्या लॉगने, 0.301 ने भागलं की 1.94 येतं. वेगाचा आकडा दोनच अंकांत दिलाय, त्यामुळे एवढा फरक पडणारच. ऑर्डर 2.

मग समीकरणात H₂ दोन असूनही ऑर्डर एक का? कारण अभिक्रिया एका दमात होत नाही. तिची मान्य अशी वाट सांगतात ती अशी: आधी दोन NO झटकन जोडले जाऊन N₂O₂ बनतो, मग त्याच्यावर एक H₂ सावकाश आदळतो, आणि दुसरा H₂ त्यानंतरच्या वेगवान पायरीत येतो. वेग ठरतो तो सावकाश पायरीवर, आणि तिथपर्यंत दुसरा H₂ आलेलाच नसतो. समीकरणातले आकडे खात्रीने चालतात ते अभिक्रिया एकाच पायरीत होत असेल तेव्हाच, आणि समीकरण बघून ते कळत नाही. 2NO + O₂ → 2NO₂ मध्ये ऑर्डर खरोखरच 2 आणि 1 येते. असं एखादं उदाहरण जुळलं की नियम खरा वाटायला लागतो.

दुसरा मुद्दा k चा, म्हणजे वेगाच्या स्थिरांकाचा. वेग = k[NO]²[H₂] धरून तिन्ही ओळींतून k काढा. पहिलीतून 260, दुसरीतून 250, तिसरीतून 250. फक्त पहिली ओळ घेणारा 260 वर थांबतो आणि त्यातला आकडा गोल केल्याचा फरक त्याला दिसत नाही. तिन्ही ओळी तपासायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. चुकीची ऑर्डर, 2 आणि 2, धरून पाहिलं तर k अनुक्रमे 1.3×10⁵, 1.25×10⁵ आणि 0.625×10⁵ येतो. पहिल्या दोन ओळी जवळपास जुळतात, कारण त्यांत H₂ बदललेलाच नाही. चूक तिसरीत उघडी पडते: k एकदम निम्मा! तापमान तेच असताना k असा बदलला तर ऑर्डर चुकली, असंच समजायचं. एककही ऑर्डरप्रमाणे येतं. एकूण ऑर्डर 3, म्हणून M⁻² s⁻¹. इथे s⁻¹ लिहिलं की गुण जातो.

तिसरा मुद्दा. प्रयोग 1 आणि 3 बघा: दोन्ही कॉन्सन्ट्रेशन दुप्पट आहेत. प्रश्न चुकलेला नाही. वेग सुमारे 8 पट, म्हणजे 2³ झाला. यातून दोन्ही ऑर्डरींची बेरीज 3 कळते. NO ची 2 आधीच माहीत असेल तर 8 ला 4 ने भागा, उरलेले 2 H₂ चे. पण टेबलात या दोनच ओळी असत्या तर मात्र बेरजेपलीकडे काही सांगता आलं नसतं, 2 आणि 1 की 1 आणि 2 हे ठरवायला तिसरी ओळ लागलीच असती.

त्या मुलीने वहीत तिन्ही k एकाखाली एक लिहिले, 260, 250, 250, आणि पहिल्यासमोर पेन्सिलीने «1.3 गोल केलंय» असं टिपून ठेवलं.