‘चारच्या वर रेटिंग असलं की डोळे झाकून घ्या’: वॉशिंग मशीनच्या बाबतीत हा सल्ला कुठे चुकतो

फिरणारा मेसेज असा आहे:

“फ्रंट लोड मशीन घेताना फार डोकं लावू नका. चारच्या वर रेटिंग आणि हजारभर रिव्ह्यू असले की डोळे झाकून घ्या. नवीन मॉडेल आलं की पहिल्या आठवड्यातच घ्या, तेव्हाचे अनुभव ताजे आणि खरे असतात. तीन स्टारवाले धड इकडचे ना तिकडचे, त्यांचं वाचण्यात वेळ घालवू नका. आणि मोटरला दहा वर्षांची वॉरंटी असतेच की!”

चारच्या वरचा आकडा

दोन मशीन घ्या. पहिल्याला दर शंभर जणांपैकी ६० जणांनी पाच स्टार दिले, २० जणांनी चार, पाच जणांनी तीन, तिघांनी दोन आणि १२ जणांनी एक. दुसऱ्याला ४५ जणांनी पाच, ३५ जणांनी चार, १२ जणांनी तीन, चौघांनी दोन आणि चौघांनी एक. बेरीज करून पाहा, दोन्हींची सरासरी ४.१३ येते. पडद्यावर दोन्हींपुढे ४.१ दिसेल. पण पहिल्या मशीनचे शंभरातले १२ गिऱ्हाईक वैतागलेले आहेत, दुसऱ्याचे चार. तीस-पस्तीस हजारांची वस्तू घेताना हा फरक महत्त्वाचा, आणि तो आकड्यात दिसत नाही. तो आकड्याखालच्या पाच पट्ट्यांत दिसतो.

शिवाय ॲमेझॉनवर दिसणारं रेटिंग ही साधी सरासरीही नसते. रिव्ह्यू किती ताजा, खरेदी तिथूनच झाली का, अशा गोष्टींना वजन देऊन ते काढलेलं असतं. सहा, सात आणि आठ किलोची मशीन एकाच पानावर असतील तर त्यांचे रिव्ह्यूही बऱ्याचदा एकत्र असतात. ड्रमचा आकार बदलला की बॅलन्स आणि आवाजही बदलतो, म्हणून प्रत्येक रिव्ह्यूखाली कोणता प्रकार लिहिला आहे ते पाहावं. सहा किलोवाल्याचं कौतुक आठ किलोवाल्याच्या खात्यात धरू नये.

पहिल्या आठवड्याचे अनुभव

मशीन घरी येतं, खोक्यात राहतं, दोन-तीन दिवसांनी टेक्निशियन येऊन बसवून देतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात लिहिणाऱ्याने फार तर तीन-चार वेळा कपडे धुतलेले असतात. ‘वेळेत आलं’, ‘रंग सुंदर’, ‘आवाज अजिबात नाही’ हे सगळं खरंच असतं. पण फ्रंट लोड मशीनमध्ये जे बिघडतं, ते इतक्या लवकर बिघडत नाही.

दाराच्या रबरी गॅस्केटच्या घडीत पाणी साचून काळे डाग पडायला काही महिने लागतात. जड पाण्याचा क्षार हीटरच्या कॉइलवर हळूहळू चढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते असं धरलं आहे. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात आकडा अनेकदा वरच्या टोकाकडे असतो. तिथे कॉइल लवकर माखते, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते किंवा घरातला ट्रिपर पडायला लागतो. ड्रमच्या मागचं ऑइल सील झिजून पाणी बेअरिंगमध्ये शिरायला तर वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ जातो. यातलं एकही लाँचच्या आठवड्यातल्या माणसाने पाहिलेलं नसतं. तो खोटं बोलत नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखं अजून काही नसतं, एवढंच.

त्या आठवड्यात खरेखुरे गिऱ्हाईक नसलेलेही लिहितात, हा वेगळा मुद्दा. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावे आणि कसे प्रसिद्ध करावे यासाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, ते ऐच्छिक आहे. फुकट मिळालेलं मशीन दाखवणाऱ्या व्हिडिओत तसं सांगणं बंधनकारक आहे, म्हणून व्हिडिओच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात आणि खालच्या मजकुरात ते शोधावं.

मॉडेल इतकं नवं असेल की सहा महिन्यांपूर्वीचा एकही रिव्ह्यू नाही, तर त्याच मालिकेतलं मागचं मॉडेल शोधा. मॉडेल नंबरची शेवटची एक-दोन अक्षरं बऱ्याचदा फक्त रंग किंवा आवृत्ती सांगतात. क्षमता, फेरे आणि मोटरचा प्रकार तोच असेल तर आतला बराचसा सांगाडा तोच असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मागच्या मॉडेलचे जुने रिव्ह्यू नव्याच्या कौतुकापेक्षा जास्त कामाचे.

तीन स्टारवाले

मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी चूक इथे आहे. एक स्टार देणारा बहुतेक वेळा रागात असतो: खोका चेपलेला आला, टेक्निशियनने स्टँड आणि कव्हरचे जादा पैसे मागितले, तक्रार चार दिवस पडून राहिली. हे त्रास खरे आहेत, पण त्यातून मशीनबद्दल थोडंच कळतं. तीन स्टार देणाऱ्याने मशीन ठेवलेलं असतं, वापरलेलं असतं, आणि त्याला त्यातलं काय पटलं, काय नाही हे वेगळं करून सांगायचं असतं. ‘कपडे स्वच्छ निघतात, पण…’ या ‘पण’नंतरचं वाक्य वाचायचं.

ॲमेझॉनवर तीन स्टारच्या पट्टीवर क्लिक केलं की तेवढेच रिव्ह्यू उघडतात. पत्त्यात थेट लिहायचं असेल तर रिव्ह्यूच्या पानाच्या पत्त्यामागे हे जोडा:

```
?filterByStar=three_star&sortBy=recent
```

त्यासाठी लॉग-इन लागू शकतं. मग पानावर `bearing`, `PCB`, `noise`, `months` हे शब्द शोधा; पीसीबी म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. वीस-तीस रिव्ह्यू पुरतात. फ्लिपकार्टवर लिहिणाऱ्याच्या नावाखाली शहर दिसतं, त्याचा मोठा उपयोग आहे. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर तशाच पाण्याच्या गावांतले रिव्ह्यू आधी वाचा. दुसऱ्या एखाद्या शहरातल्या मऊ पाण्यावरचा समाधानी अनुभव तुमच्या कॉइलबद्दल काही सांगत नाही.

वाचताना प्रत्येक तक्रार तीनपैकी एका रकान्यात टाका: प्रकाराची, जागेची आणि मॉडेलची.

समजा सात किलोच्या एका मशीनला तीन स्टार देणाऱ्या चौघांनी असं लिहिलं आहे. पहिला म्हणतो, “कॉटनला पावणेतीन तास लागतात.” हा दोष नाही. कमी पाणी आणि कमी वीज वापरून तेवढेच स्वच्छ कपडे हवे असतील तर फ्रंट लोड वेळ घेणारच. ही तक्रार प्रकाराच्या रकान्यात जाते. ती तुम्हाला सोसणार नसेल तर दुसरी कंपनी शोधून उपयोग नाही, टॉप लोडचा विचार करा.

दुसरा म्हणतो, “मध्येच थांबतं, पाणी येत नाही असा एरर दाखवतं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो.” ही जागेची तक्रार. गच्चीवर टेकवलेल्या टाकीचा तळ आणि वरच्या मजल्यावरचा नळ यांत जेमतेम दोन मीटरचं अंतर असतं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणजे इथे ०.२ बार. मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब ०.५ बार लिहिला असेल तर पाच मीटर हवेत. पुस्तिका कंपनीच्या साइटवर असते, विकत घेण्याआधी तेवढी एक ओळ पाहावी. दाब कमी पडत असेल तर लहान प्रेशर पंप बसवावा लागेल, त्याचा खर्च मशीनच्या किमतीत धरा.

तिसरा म्हणतो, “पहिल्या दिवसापासून स्पिनला मशीन नाचतं.” पहिल्या दिवसापासून म्हटलं की आधी मागचे ट्रान्झिट बोल्ट आठवावेत. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून ते आवळलेले असतात आणि चालू करण्याआधी सगळे काढावे लागतात. ते राहून गेले, किंवा चारपैकी एक पाय अधांतरी राहिला, तर कोणतंही मशीन नाचेल. हीसुद्धा जागेच्या रकान्यातच.

चौथा लिहितो, “दीड वर्ष उत्तम चाललं. आता स्पिनला विमानासारखा आवाज येतो आणि तो वाढत चाललाय.” इथे थांबा. उशिरा सुरू होऊन फेऱ्यांबरोबर वाढणारा घरघराट ही बेअरिंगची खूण आहे. ड्रम हाताने फिरवल्यावर खरखर लागते, आणि ड्रमची कड वर-खाली हलवली तर ढिलेपणा जाणवतो. ड्रममध्ये अडकलेल्या नाण्याचा आवाज असा नसतो, तो सुटा, खणखणणारा येतो. ही तक्रार मॉडेलच्या रकान्यात. एकानेच लिहिली असेल तर ते एखाद्याचं दुर्दैव असू शकतं. पण तीसपैकी चार-पाच जण, वेगवेगळ्या गावांतले, वर्ष ते दोन वर्षांच्या आत हेच सांगत असतील तर ते मॉडेल सोडून द्यावं, मग वर ४.४ लिहिलेलं का असेना.

तिसरा रकाना रिकामा आणि पहिले दोन भरलेले असतील, तर मशीन चांगलं आहे असं समजायला हरकत नाही.

तीन स्टारचे रिव्ह्यूही सरळ घेऊ नयेत. बरेच जण मशीनवर खूश असून केवळ सर्व्हिसवर रागावून तीन देतात. ते टाकून देऊ नका, पण गाव पाहा. पुण्यातला माणूस ‘दुसऱ्या दिवशी आले’ म्हणतो, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणीही तसंच होईल असं धरता येत नाही.

दहा वर्षांची वॉरंटी

ती मोटरची असते, आणि तीही बहुधा फक्त त्या भागाची. मजुरी आणि येण्याचे पैसे वेगळे लागू शकतात. इन्व्हर्टर मोटरला कार्बन ब्रश नसतात, ती तशीही कमीच जाते. जातं ते पीसीबी: व्होल्टेज वर-खाली झालं, आत झुरळं किंवा पाल शिरली, ओल लागली. उंदराने वायर कुरतडली तर ती सहसा वॉरंटीत बसत नाही. पूर्ण मशीनची वॉरंटी बहुतेक वेळा दोन वर्षांची असते, काही मॉडेलना जास्त. त्यानंतर पीसीबी तुमच्या खिशातून. म्हणूनच तीन स्टारमध्ये `PCB` शोधायचं, आणि तो किती महिन्यांनी गेला ते पाहायचं.

बेअरिंगचं आणखी एक आहे. काही मशीनमध्ये बाहेरचा टब दोन भागांचा असून स्क्रूने जोडलेला असतो, तिथे बेअरिंग आणि सील तेवढं बदलता येतं. काहींमध्ये टब वेल्ड करून बंद केलेला असतो. मग काहीशे रुपयांच्या बेअरिंगसाठी कंपनी पूर्ण टब असेम्ब्ली बदलायला सांगते, आणि तो खर्च ऐकून लोक मशीन भंगारात देतात. पैसे भरण्याआधी त्या कंपनीच्या तुमच्या भागातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन लावा, मॉडेल नंबर सांगा आणि तीन गोष्टी विचारा: बेअरिंग सुटं मिळतं का, पीसीबी केवढ्याला, आणि टब असेम्ब्ली केवढ्याला.