सहा महिन्यांची बँक? चार भाग असले तरी नशीब!

"मालिकांचं शूटिंग सहा महिने आधीच उरकलेलं असतं. तरी घटना मागेपुढे दाखवतात, जुनाच भाग पुन्हा लावतात. सगळं टीआरपीसाठी मुद्दाम!"

सहा महिन्यांचं उत्तर २०२० मध्येच मिळालं. १९ मार्चला चित्रीकरण थांबलं आणि काही आठवड्यांत वाहिन्या जुन्या भागांवर आल्या. नवे भाग दिसायला जुलै उजाडला. तयार भागांच्या शिल्लकीला सेटवर 'बँक' म्हणतात. जाहिराती वगळता अर्ध्या तासाच्या भागात जेमतेम २०-२२ मिनिटं मालिका असते आणि एक युनिट दिवसभरात साधारण तेवढंच उरकतं. आठवड्याला सहा भाग जातात. मग शिल्लक वाढणार कुठून? त्यात रविवारी तासाभराचा महाएपिसोड लागला की आणखी दोन भाग खर्च.

आता मागेपुढे का होतं ते. शूटिंग भागांच्या क्रमाने होत नाही, जागेच्या क्रमाने होतं. स्वयंपाकघराचं लायटिंग लागलं की २११, २१२, २१३ अशा तिन्ही भागांतले तिथले सीन, साड्या बदलत, एकाच दिवशी उरकतात. समजा, दुसऱ्या दिवशी नायिका तापाने पडली आणि २१२ मधले तिचे हॉस्पिटलचे दोन सीन राहिले. सहा मिनिटांचं भगदाड, आणि भाग उद्याच जायचाय. एडिटर २१३ मधला सासूबाईंचा सीन अलीकडे ओढतो. तो सीन खरं तर दुसऱ्या दिवशी सकाळचा. त्यातलं "काल रात्री हॉस्पिटलात" एवढं वाक्य म्यूट करायचं, त्यावर समोरच्या पात्राचा चेहरा लावायचा, झालं. पण सासूबाईंची निळी साडी कशी लपवणार? आधीच्या सीनमध्ये त्या हिरव्या साडीत, पुढच्यात पुन्हा हिरव्या. प्रेक्षक बरोबर पकडतात, फक्त कारण चुकीचं लावतात. 'पुढील भागात'मध्ये दाखवलेला हॉस्पिटलचा सीन दोन दिवस उशिरा आला, तरी समजा की असंच काहीतरी झालंय.

टीआरपीचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. आकडे दर गुरुवारी येतात आणि एखादा ट्रॅक चालत नसेल तर शूट झालेले सीनसुद्धा फेकून देतात. पण तेव्हा गोष्ट वळते किंवा अर्धवट सुटते. साडी बदलून परत येत नाही.

राहिला जुना भाग. रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो तो ठरलेला रिपीट, त्याचा बँकेशी संबंध नाही. नेहमीच्याच वेळेला जुना भाग लागला, तर मात्र बँक रिकामी झाल्याची शक्यता मोठी. त्याआधी दोन-तीन दिवस लक्षणं दिसतात: 'मागील भागात' लांबतं, फ्लॅशबॅक वाढतात, एका थपडेवर घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा फिरतो. तरीही मिनिटं भरली नाहीत, तरच रिपीट. कारण पाहिलेला भाग लागला की लोक वाहिनी बदलतात आणि त्या वेळेचा टीआरपी पडतो. वाहिनी हे हौसेने करेल कशाला?