कोपरामागची नस रगडू नका

"करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतंय? सावधान! ही हृदयाच्या ब्लॉकेजची पहिली खूण. रोज रात्री कोपराच्या आतल्या हाडामागची नस तिळाच्या तेलाने जोरात रगडा, कट् आवाज आला की नस मोकळी. मग कोपर दुमडून घट्ट पट्टी बांधून झोपा. सोबत बी-१२ची गोळी. डॉक्टरकडे गेलात तर थेट ऑपरेशन सांगतील. पुढे पाठवा, एक जीव वाचेल."

फॉरवर्ड होत आलेल्या या मेसेजखाली आत्याने लिहिलं होतं: "रोज करतेय गं. आता तर सकाळी चहा होईपर्यंत बोटं जागी होत नाहीत. अजून जोरात रगडू का?"

नको, आत्या. तेलाची वाटी आधी स्वयंपाकघरात परत ठेव. हाताची फिजिओथेरपी हेच माझं काम आहे आणि हा मेसेज मला रोज कुणी ना कुणी दाखवतं. आता तो घरात शिरलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सुरुवात रगडण्यापासूनच करते, कारण या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग तोच आहे. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत करंट बसतो ना, ती ही नस. हिला अल्नर नर्व्ह म्हणतात. मानेतून निघून ती दंडाच्या आतल्या बाजूने खाली येते आणि कोपराच्या आतल्या टोकदार हाडामागून, एका अरुंद बोगद्यातून पुढच्या हातात जाते. त्या जागी तिच्यावर ना स्नायूचं जाड आवरण असतं ना चरबीचं. खाली हाड, वर एक पातळ पडदा आणि त्यावर कातडी. टेबलावर कोपर टेकवून बसलं की आपण नेमके या नसेवर बसतो. तिथे अंगठा रोवून रगडणं म्हणजे ज्या दाबाने ती आधीच चिडली आहे, तोच दाब पुन्हा देणं. बोटांत झिणझिण्या उठतात आणि माणसाला वाटतं, वा, लागू पडलं! पण त्या झिणझिण्या म्हणजे नसेची तक्रार असते.

त्या 'कट्' आवाजाचं तर हसूच येतं. बऱ्याच निरोगी लोकांची ही नस कोपर दुमडताना हाडाच्या टोकावरून पुढे सरकते आणि हात सरळ केला की परत मागे येते. कधी तिच्यासोबत दंडाच्या मागचा स्नायूही सरकतो. बोटाखाली तो टणत्कार लागतो आणि लोक समजतात गाठ सुटली. सुटलं काहीच नाही. उलट नस हाडावर घासत राहिली तर आणखी सुजते.

पट्टीचा सल्ला त्याहून वाईट. कोपर दुमडलं की दोन गोष्टी होतात. नस हाडाला वळसा घालून ताणली जाते, आणि बोगद्याचं छत आवळलं जाऊन आतली जागा कमी होते. मृतदेहांच्या कोपरांवर हे मोजलं गेलं आहे: पूर्ण दुमडल्यावर ती जागा साधारण ३० ते ४० टक्क्यांनी घटते, आणि नसेच्या आतला दाब सगळ्यात कमी असतो तो कोपर किंचित, म्हणजे ४०-५० अंशांत वाकलेलं असताना. आता हा मेसेज काय सांगतो? हात पूर्ण दुमडा, वरून पट्टीने आवळा आणि सहा-सात तास तसेच झोपा. जागेपणी मुंग्या आल्या की आपण हात झटकतो, झोपेत तेवढंही भान नसतं. आत्याची बोटं सकाळी उशिरापर्यंत बधिर राहायला लागली, त्यामागे हेच होतं.

आता हृदय. इथे नाइलाजाने थोडं मान्य करावं लागेल. हृदयाचं दुखणं डाव्या हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरू शकतं, ही गोष्ट खरी आहे. पण ते दुखणं बहुधा चालताना, जिना चढताना येतं, सोबत बहुधा छातीवर दडपण, घाम, धाप असते. तसं काही असेल तर हा लेख वाचत बसू नका, १०८ ला फोन करा. फोन कानाला धरल्यावर किंवा झोपेत हात दुमडल्यावर येणारी आणि हात सरळ केल्यावर ओसरणारी बधिरता ही वेगळीच गोष्ट आहे. रक्त पुढे जात नाही म्हणावं, तर हात गार पडायला हवा, पांढरा पडायला हवा, आणि बाकीची बोटंही सुटायला नकोत.

घरच्या घरी बघण्यासारखी एक खूण आहे. डोळे मिटा आणि कुणाला तरी कापसाने अनामिकेच्या दोन्ही बाजूंना हलकेच स्पर्श करायला सांगा. बहुतेकांत करंगळीकडची बाजू बोथट लागते आणि मधल्या बोटाकडची नीट. एकाच बोटाच्या दोन बाजू अशा वेगळ्या लागतात, कारण एक बाजू या नसेची असते आणि दुसरी मनगटाच्या मधून जाणाऱ्या नसेची. हृदयातल्या ब्लॉकेजला बोटाची एकच बाजू निवडता येत नाही. तळहाताच्या मागे, करंगळीच्या बाजूलाही बधिरता असेल तर अडचण मनगटाच्या वर आहे, बहुधा कोपरात, कारण तिथली फांदी मनगटाच्या आधीच फुटते. आणि बधिरता मनगट ओलांडून पुढच्या हाताच्या आतल्या बाजूने वर चढत असेल तर कोपराला दोष देऊ नका, मान दाखवा. त्या कातडीचा पुरवठा दुसऱ्या नसेकडे असतो.

आत्याचं कोडं तिच्या डायनिंग टेबलवरच सुटलं. जेवणं आटोपली की ती डावं कोपर टेबलावर रोवून त्याच हातात फोन धरून मालिका बघते. रात्री डाव्या हाताची मूठ गालाखाली. दिवसा नसेवर दाब, रात्री ताण, आणि मध्ये तेल. डावा हात म्हणून हृदयाची भीती बसली, एवढंच. ईसीजी केला तो नॉर्मल आला.

मग तिला पट्टीऐवजी टॉवेल दिला. आंघोळीचा टॉवेल लांबीला घडी करून कोपराभोवती सैल गुंडाळायचा, जाड भाग कोपराच्या पुढच्या घडीत येईल असा. बोळा मध्ये आल्याने हात पूर्ण दुमडत नाही. वरून जुन्या पायमोज्याची नळी चढवायची, कापडाखाली दोन बोटं सहज जायला हवीत. हात काठीसारखा ताठ करायचा नाही, थोडा वाकलेलाच ठेवायचा, काटकोनापेक्षा बराच उघडा. मनगट सरळ. कुशीवर झोपायचं असेल तर पोटाशी एक उशी घेऊन वरचा हात तिच्यावर पसरायचा. पालथं झोपून हात उशीखाली घालायची सवय असेल तर ती मोडावी लागेल, आणि मला विचाराल तर सगळ्यात अवघड काम हेच. दिवसा फोनला स्टँड, आणि कोपर टेबलावर न टेकता पुढचा हात टेकवायचा. गाडीच्या खिडकीवर कोपर ठेवून चालवणाऱ्या काकालाही हेच लागू आहे, पण तो ऐकणार नाही.

एवढ्या साध्या गोष्टीने फरक पडतो का? स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या ७० जणांचे तीन गट केले. एका गटाला तीन महिने रात्री कोपर दुमडू न देणारी स्प्लिंट, दुसऱ्याला नस सरकवण्याचे व्यायाम, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. मात्र नस कशाने दबते आणि काय टाळायचं, हे तिन्ही गटांना नीट समजावलं होतं. सहा महिन्यांनी तपासलेल्या ५७ जणांपैकी ५१ जण सुधारले होते आणि गटागटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे महागडी स्प्लिंट घ्यायलाच हवी असं नाही; मोठा वाटा सवय बदलण्याचा दिसतो. माझा टॉवेलचा आग्रहही त्यासाठीच आहे, झोपेत सवयीवर लक्ष ठेवायला दुसरं कोणी नसतं. आणि हा अभ्यास सौम्य ते मध्यम त्रासाचा होता, हे विसरू नका.

बी-१२बद्दल फार लिहीत नाही. ते कमी पडलं तर मुंग्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात, एका हाताच्या दीड बोटापासून नाही. शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, त्यांनी पातळी तपासून घ्यावी, आणि शुगर असलेल्यांची नस दाबाला लवकर बळी पडते, हेही खरं. पण कोपराखालचं टेबल गोळीने हटत नाही.

ज्याबद्दल मेसेजने एक अक्षर काढलं नाही, ते मात्र सांगायला हवं. आपल्याकडे कुष्ठरोग अजून आहे आणि त्याची आवडती नस हीच. कोपराच्या थोडं वर ती दोरीसारखी जाड लागत असेल, अंगावर फिकट किंवा लालसर आणि स्पर्श न कळणारा चट्टा असेल, तर लाजू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि औषध वेळेवर सुरू झालं तर हात वाचतो.

राहिला 'डॉक्टरकडे जाऊ नका' हा सल्ला. येऊन-जाऊन असलेल्या मुंग्यांना कोणी शहाणा डॉक्टर पहिल्याच दिवशी ऑपरेशन सांगत नाही. काही आठवडे ते तीन महिने हात ठेवण्याची पद्धत बदलून बघतात. पण बधिरता चोवीस तास राहू लागली, किल्ली फिरवताना चिमटीत जोर येईना, करंगळी आपोआप बाहेर फाकू लागली, किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खपाटीला गेलेला दिसला, तर थांबायचं नाही. घरी बघायचं असेल तर कागद दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून ओढायला लावा. एका बाजूचा अंगठा टोकाच्या पेरात वाकून कागद धरू लागला तर त्या हाताचा या नसेवर चालणारा स्नायू थकलाय. अशा वेळी नसेच्या वेगाची तपासणी, एनसीव्ही, करून घ्यावी लागते, कारण बोगद्यातल्या अडथळ्याशी तो वेग कमी होतो.

घाई का, तर दुखावलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून हाताच्या स्नायूंपर्यंत अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी जवळजवळ वर्ष. आणि नसेविना वर्ष-दीड वर्ष राहिलेला स्नायू मग नस पोचली तरी पूर्वीसारखा होत नाही. आत्याच्या मुंग्या काही आठवड्यांत उतरल्या, करंगळीचं टोक अजून जरा बोथट आहे. तेलाची वाटी मात्र परत बाहेर आली. आता ती गुडघ्याला लावते, त्याला माझी हरकत नाही.