मीम पाठवूनही कुणी दुखावत नाही? हे करून पाहा

हल्ली बऱ्याच होतकरू टोमणेबाजांची एक रास्त तक्रार असते. मित्राची खोड मोडायला ग्रुपवर झकास मीम टाकावं, तर तो दुखावण्याऐवजी हसतो. वर तेच मीम उचलून दुसऱ्या ग्रुपवर पाठवतो. एवढी मेहनत घेऊन समोरच्याला साधं वाईटही वाटू नये, याला काय अर्थ आहे?

चूक कुठे होते ते एका उदाहरणावरून पाहू. चौघं तारकर्लीला गेलात. तिघांनी हिशेब चुकता केला, चौथ्याचे अठराशे रुपये महिनाभर ‘उद्या टाकतो’मध्ये अडकलेत. तुम्ही काय करता? १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’तला धनंजय मानेचा, म्हणजे अशोक सराफांचा, तो निर्विकार चेहरा टाकता आणि खाली लिहिता, ‘सत्तर रुपये वारले’. घरमालकाला मधुमेहाचं औषध आणून देतो म्हणून घेतलेले पैसे, औषध देणाऱ्या मित्राबरोबर तेही वारले, हा सगळा प्रसंग ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठ. तिथेच तुमचा घात झाला. मित्राला चित्रात आधी दिसला धनंजय माने, मग स्वतः. हसू पहिल्यालाच आलं, आणि हसून झाल्यावर रागवायचं म्हणजे फार कष्ट पडतात.

शिवाय तुम्ही त्याला नकळत बढतीच दिलीत. कालपर्यंत तो नुसता पैसे बुडवणारा होता, आज महाराष्ट्राच्या लाडक्या थापाड्याच्या जागी जाऊन बसला. हाच टोमणा आजवर असंख्य उधारखोरांनी खाल्लाय, म्हणजे तो खास याच्यासाठी बेतलेलाही नाही. बाजारातून आणलेला तयार सदरा कितीही घट्ट झाला तरी शिंप्यानं माझी ढेरी मोजली, असं कुणी म्हणत नाही. आणि सगळ्यात मोठी गफलत म्हणजे त्याला उत्तराची सोय करून दिलीत. तो त्याच सिनेमातली दुसरी फ्रेम शोधतो, ‘मित्र वारला हो’ असं टाकतो, सगळे खिदळतात आणि त्या खिदळण्यात तो गुपचूप यूपीआयनं पैसे पाठवून मोकळा होतो. नोटमध्ये लिहितो, ‘इस्तंबूलचं औषध’. पैसे आले, भांडण गेलं. हाती काय लागलं तुमच्या?

म्हणून पहिला सल्ला : चित्र टाकूच नका, टाइप करा. ‘तुझे अठराशे राहिलेत, आठवण करून द्यायला लाज वाटते’ एवढं पुरे. आता मध्ये धनंजय माने नाही. वाक्य तुमचं, नाव त्याचं, साक्षीला सगळा ग्रुप. उलट टोला मारायला त्याच्याकडे चित्र नाही, त्यामुळे तो खुलासा लिहील, लांबलचक, पगार कधी होतो इथपासून. शेवटी पूर्णविराम दिलात तर आणखी उत्तम. मराठी माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्णविराम देतो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं, हे सगळ्यांना कळतं.

चित्राचा मोह आवरतच नसेल, तर ते अशा माणसाला पाठवा ज्यानं तो सिनेमा पाहिलेलाच नाही. उदाहरणार्थ, परप्रांतातून नुकताच आलेला सहकारी. बाकीचे नऊजण हसतात आणि दहावा ‘हे कोण?’ म्हणून विचारतो. सामायिक आठवण हीच तर मीमची सगळी मलमपट्टी. ती काढून घेतली की उरतं ते फक्त नऊजणांचं हसणं.

पण खऱ्या जाणकारानं थेट वरची पायरी गाठावी : मित्राच्याच फोटोचा स्टिकर. जेवताना तोंड वासलेला, डुलकी काढताना मान कलंडलेली, असला एखादा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टिकर २०१८मध्ये आले आणि आता पार्श्वभूमी कापून तो बनवायला मिनिटभरही लागत नाही. इथे नटाचा चेहरा आड येत नाही, सोसणारा एकटाच. पहिल्यांदा तोही हसेल. हरकत नाही, धीर धरा. स्टिकर लोक ‘फेव्हरिट’मध्ये साठवतात. तुम्ही पश्चात्तापानं ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलंत तरी त्यांच्याकडचा जात नाही. महिन्याभरानं तो त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर उगवतो, मग मेहुण्याकडे. कुणीतरी तो थेट त्याच्या बढतीच्या बातमीखाली चिकटवतो. बनवणारा कोण हे कुणाला आठवत नाही, चेहरा कुणाचा हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.

एवढं करून तो खरंच गप्प झाला आणि कुणी तुम्हाला जाब विचारलाच, तर ‘अरे, मस्करी केली यार, एवढं काय मनाला लावून घेतोस’ म्हणा. फक्त हे टाइप करूनच म्हणा. इथे चुकून मीम वापरलंत तर तो पुन्हा हसेल.