रजेच्या अर्जात तिकिटाची ओळ वेगळी लिहा

परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांचे रजेचे अर्ज कामाचा भाग म्हणून रोज माझ्यासमोर येतात. त्यात लग्नकार्य असतं, आईवडिलांची तब्येत असते, पण करारात लिहून दिलेल्या येण्याजाण्याच्या तिकिटाबद्दल अवाक्षर नसतं. असलंच तर अगदी शेवटी, 'शक्य असल्यास तिकिटाची सोय व्हावी'. हे वाचून मला मनापासून वाईट वाटतं. शक्य असल्यास कशाला? नोकरी स्वीकारताना तुम्ही पगाराचा आकडा ते तिकीट धरूनच मान्य केलेला असतो. ते तिकीट तुमच्या मोबदल्याचा भाग आहे.

अनेकांना वाटतं की हे तिकीट कायद्यानेच मिळतं. तसं सगळीकडे नाही. उदाहरणार्थ, सौदी कामगार कायद्याचं कलम 40 नोकरी संपल्यावर मायदेशी परतायच्या तिकिटाचा खर्च मालकावर टाकतं. दरवर्षीच्या रजेचं तिकीट ही वेगळी गोष्ट आहे, ते करारात लिहिलं असेल तर मिळतं. म्हणून वाद घालण्याआधी स्वतःचा करार उघडा आणि ते कलम शब्दन् शब्द वाचा.

आमच्याकडच्या एका टेक्निशियनचंच बघा. त्याच्या करारात होतं: 'दर 12 महिन्यांची सेवा पूर्ण झाल्यावर एकदा, इकॉनॉमी वर्गाचं, मायदेशातल्या जवळच्या आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत येण्याजाण्याचं तिकीट.' तो रुजू झाला 10 मे 2023 ला. बहिणीच्या लग्नासाठी त्याला 25 एप्रिल 2024 पासून रजा हवी होती. रजा मंजूर झाली, तिकीट नाकारलं. त्याला वाटलं कंपनी फसवतेय. खरं तर रजा दर महिन्याला थोडी थोडी साठत जाते, त्यामुळे त्याच्या खात्यात पुरेसे दिवस होते. तिकिटाचा हक्क मात्र वर्ष पूर्ण झाल्यावरच, म्हणजे 10 मे पासून लागू होणार होता. रजेचा हिशोब आणि तिकिटाचा हिशोब वेगवेगळे चालतात, आणि नेमकं इथेच बहुतेक अर्ज अडकतात. मधे बिनपगारी रजा घेतली असेल, तर काही कंपन्या तेवढे दिवस सेवेत धरत नाहीत. मग ही तारीख आणखी पुढे सरकते. तेही आधीच विचारून घ्या.

त्याने मग नव्याने अर्ज दिला: 'करारातल्या अमुक कलमानुसार माझं तिकीट 10 मे ला देय होईल. ते 15 दिवस आधी द्यावं ही विनंती. त्या तारखेआधी मी नोकरी सोडल्यास रक्कम माझ्या हिशोबातून वळती करावी. पुढचं तिकीट 10 मे 2025 नंतरच मागेन.' दोन दिवसांत मंजुरी आली. रडगाणं नाही, आर्जव नाही. मालकाला नेमकी कशाची भीती आहे ते ओळखून त्याची सोय अर्जातच करून दिली होती.

अर्ज दीडदोन महिने आधी द्या. कलमाचा क्रमांक, जायची आणि परतायची तारीख, विमानतळाचं नाव लिहा, आणि रजा व तिकीट यांची मंजुरी एकाच ईमेलवर पण वेगवेगळ्या ओळीत मागा. 'तू काढ तिकीट, नंतर पैसे देतो' असं तोंडी कोणी म्हटलं, तर लगेच पैसे भरू नका. किती रकमेपर्यंत देणार, बिल आणि बोर्डिंग पास लागणार का, हे आधी ईमेलवर घ्या. मंजुरीआधी स्वतः काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळवताना भल्याभल्यांना चपला झिजवताना मी पाहिलंय.

कंपनीने तिकीट पाठवलं की आणखी एक गोष्ट तपासा. कागदावर सहा अक्षरी बुकिंग क्रमांक दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. तो फक्त जागा धरल्याचा पुरावा असतो, पैसे भरल्याचा नाही. तिकीट खरंच निघालं असेल तर 13 आकडी ई-तिकीट क्रमांक असतो. तो दिसत नसेल तर त्याच दिवशी विचारा, कारण मुदतीत पैसे न भरलेलं बुकिंग आपोआप रद्द होतं.

परतीच्या तिकिटाचंही नीट समजून घ्या. कंपनीने येण्याजाण्याचं एकच तिकीट काढलंय आणि तुम्ही घाईत स्वतःच्या पैशांनी आधीच्या विमानाने निघालात, तर जायचा भाग न वापरल्यामुळे बहुतेक विमान कंपन्या परतीचा भागही रद्द करतात. तारीख बदलायची असेल तर आधी कंपनीला कळवा, बदल तिकिटावर नोंदवून घ्या, आणि फरकाचे पैसे कोण देणार ते त्याच ईमेलमध्ये लिहून घ्या.